कोटेशनमधली ‘विमा ३%’ ही ओळ: घर हलवताना सामानाची जोखीम नेमकी कोणाच्या डोक्यावर असते?

पॅकर्स-मूव्हर्सचं कोटेशन हातात आलं की नजर आधी तळाच्या आकड्यावर जाते. त्याच्या जरा वर एक ओळ असते: ‘ट्रान्झिट इन्शुरन्स ३%’, ‘एफओव्ही २%’ किंवा नुसतंच ‘रिस्क कव्हर’. घासाघीस करताना कात्री बहुतेक वेळा याच ओळीला लागते. आणि ओळ ठेवली, तरी तिच्या बदल्यात काय मिळणार हे विचारायचं राहून जातं. सामान फुटल्यावर मग वाद सुरू होतो, पण तोवर वादाचा निकाल जवळपास ठरलेला असतो. तो ठरतो गाडी निघायच्या आधी भरलेल्या कागदांवर.

एक उदाहरण धरून चालू. पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचं घर, मुक्काम हलवायचा नागपूरला, आणि महिना मे.

आधी गाडी किती मोठी, ते ठरवा

फोनवर ‘टूबीएचके आहे’ एवढं सांगून मिळालेला दर हा अंदाजसुद्धा नसतो. दोन बेडरूमच्या घरात तीनशे घनफूट सामान निघू शकतं आणि आठशेही. म्हणून माणूस घरी येऊन पाहणी करून गेला पाहिजे. तेवढा वेळ नसेल तर व्हिडिओ कॉलवर माळे, बाल्कनी आणि पलंगाखालचे कप्पे उघडून दाखवले पाहिजेत. पाहणीत राहून जातं ते नेमकं तिथलंच सामान.

आपल्या उदाहरणातल्या घरात दोन पलंग, दोन कपाटं, सोफा, डायनिंग टेबल, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, दोन एसी आणि साठेक खोकी आहेत. पलंग आणि टेबल सुटे करूनही हे साधारण ६०० घनफुटांच्या घरात जातं. चौदा फुटी आयशरचा हौदा ढोबळ मानाने १४ × ६ × ६, म्हणजे ५०४ घनफूट. सतरा फुटी गाडीची उंची सात फूट धरली तर १७ × ६ × ७, म्हणजे ७१४ घनफूट. थोडक्यात, चौदा फुटीत हे घर बसत नाही. तरीही दर कमी दिसावा म्हणून कोटेशनमध्ये चौदा फुटी लिहिलेली असते. मग लोडिंगच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता दोन पर्याय उरतात: वाढीव पैशांत आणखी एक टेम्पो, किंवा वॉशिंग मशीन आडवं करून त्यावर गाद्या. दुसरा पर्याय निवडला की मोडतोडीला तिथूनच सुरुवात होते. म्हणून कोटेशनवर गाडीची फुटांतली लांबी आणि सामानाची यादी, दोन्ही लेखी हवं.

आणखी एक गोष्ट लेखी घ्यायची: गाडी स्वतंत्र आहे की शेअरिंगची. स्वतंत्र गाडी पुण्यात भरली की थेट नागपुरात उघडते आणि साधारण दोन दिवसांत पोचते. शेअरिंगमध्ये दर बराच कमी पडतो, पण सामान गोडाऊनला उतरतं, दुसऱ्यांच्या सामानासोबत मोठ्या गाडीत चढतं आणि नागपुरात पुन्हा छोट्या गाडीत जातं. प्रत्येक चढ-उतारीला खोकी हरवण्याचा आणि आपटण्याचा धोका वाढतो. शिवाय गोडाऊनमधले दिवस विम्यात धरलेत की नाहीत, हा प्रश्नही उभा राहतो.

मे महिन्यात इतकी ओढाताण का होते

शाळांना सुट्टी असते हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात भर पडते सरकारी बदल्यांची. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या २००५च्या कायद्यानुसार वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यांत होतात. बँकांच्या बदल्याही याच सुमारास निघतात. भाडेकरार संपतात महिनाअखेरीला. शिवाय पावसाआधी गाद्या आणि लाकूड हलवून टाकावं असं प्रत्येकालाच वाटतं. नेमक्या याच दिवसांत लग्नसराईमुळे पॅकिंगची पोरं गावी गेलेली असतात.

दर वाढतात हा याचा छोटा परिणाम झाला. मोठा परिणाम बाहेरून दिसत नाही: ज्या कंपनीशी तुम्ही बोललात, तिची माणसं त्या दिवशी येतच नाहीत. तिच्याकडे दिवसाला दोन घरं हलवण्याइतकी टीम असते आणि ऑर्डरी घेतलेल्या असतात सात. उरलेल्या पाच ती दुसऱ्याला देते, आणि गाडी ट्रान्सपोर्ट नगरातल्या दलालाकडून येते. ती माणसं काम वाईटच करतील असं नाही. पण कोटेशन एकाच्या नावाचं, माल गाडीत चढवल्याचा कागद, म्हणजे बिल्टी, दुसऱ्याची आणि विम्यात गाडीचा नंबर तिसराच, असा गोंधळ होतो तो यातूनच.

म्हणून बुकिंग लवकर करायचं ते मुख्यतः टीम, गाडी आणि कागद एकाच नावावर राहावेत यासाठी. मेअखेरीला निघायचं असेल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाहणी करून घ्या आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तारीख पक्की करा. अॅडव्हान्स दहा टक्क्यांच्या आसपास पुरे. तारीख पक्की करणाऱ्या मेलमध्येच ती पुढे-मागे झाल्यास काय, हेही लिहून घ्या. बदलीच्या आदेशाला आठवड्याचा उशीर झाला की अॅडव्हान्स बुडाला, असं नको. कंपनीचा जीएसटी क्रमांक services.gst.gov.in वर टाकून पाहा. नाव आणि पत्ता कोटेशनशी जुळायला हवा, कारण नावाजलेल्या कंपन्यांची नावं किंचित बदलून बसलेले लोक या धंद्यात भरपूर आहेत.

तारखेला थोडी लवचीकता असेल तर महिन्याच्या मधला, मंगळवार ते गुरुवार असा दिवस धरा. नागपूरला जाणाऱ्यांना एक जास्तीची मुभा आहे. विदर्भात उन्हामुळे राज्य मंडळाच्या शाळा इतर राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे ३० मेच्या गर्दीत घुसण्यापेक्षा जूनच्या ५ ते १० तारखेदरम्यानचा आठवड्यातला एखादा दिवस बरा पडतो. पाऊस पुण्यात जोर धरायच्या आत गाडी निघून गेलेली असते. सोसायटीला मात्र आधीच पत्र द्या. सामान नेण्यासाठी लिफ्ट कोणत्या वेळात मिळते आणि रविवारी ट्रकला गेट उघडतं का, हे टीम दारात उभी असताना कळून उपयोग नाही.

एफओव्ही म्हणजे विमा नव्हे

आता त्या ओळीकडे येऊ. एफओव्ही म्हणजे ‘फ्रेट ऑन व्हॅल्यू’. सामानाच्या किमतीवर ठरावीक टक्के घेऊन वाहतूकदार स्वतः जोखीम पत्करतो. यात विमा कंपनी कुठेच नसते. नुकसान झालं तर पैसे द्यायचे त्यानेच, आणि किती द्यायचे हेही व्यवहारात तोच ठरवतो. गाडी उलटून सगळंच गेलं, तर छोट्या कंपनीकडे द्यायला पैसे असतील का, हा प्रश्न स्वतःलाच विचारून बघा.

खरा विमा म्हणजे विमा कंपनीची मरीन कार्गो प्रकारातली पॉलिसी. नावात समुद्र असला तरी रस्त्यावरची वाहतूक त्यात येते. मूव्हरकडे अनेकदा त्याच्या नावाची खुली पॉलिसी असते आणि प्रत्येक ग्राहकासाठी त्यातून वेगळं प्रमाणपत्र निघतं. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी निघण्याआधी तुमच्या हातात कागद किंवा पीडीएफ येते. तिच्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, तुमचं नाव, कुठून कुठे, विम्याची रक्कम आणि बिल्टीचा किंवा गाडीचा नंबर असतो. हे नसेल आणि ‘सर, इन्शुरन्स बिलात धरलाय’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर तुम्ही विमा घेतलेला नाही. ‘गाडीचा इन्शुरन्स आहे ना’ हेही उत्तर चालणार नाही, कारण गाडीच्या मोटर विम्यात आत भरलेलं तुमचं सामान येत नाही.

यापैकी काहीच घेतलं नाही तर कायदा काही देतो का? थोडं देतो. २००७च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली वाहतूकदाराची जबाबदारी आहे. पण जास्त जोखमीचा दर लेखी ठरवून भरला नसेल, तर नियमांनुसार तिला मर्यादा भाड्याच्या दहापट रकमेची, आणि तीही कागदावर जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. किंमत वीस हजार लिहिली असेल तर हक्क वीस हजारांपर्यंतच. ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का असलेल्या बिल्टीवर सही करण्याआधी हे लक्षात असू द्या.

विमा दोन मुख्य प्रकारांत मिळतो. पॉलिसीत ‘इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए’ असेल तर वगळलेल्या गोष्टी सोडून प्रवासातलं सगळं अपघाती नुकसान धरलं जातं. ‘बी’ असेल तर आग, वीज पडणं, पूल कोसळणं, टक्कर, गाडी उलटणं असे मोजके धोके. ‘बी’मध्ये हमालाच्या हातून खोका पडून फुटलेले कप येत नाहीत, आणि वेगळी जोड दिल्याशिवाय चोरीही येत नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला ‘ए’ देतानाही ओरखडे आणि पोचे बऱ्याचदा वगळतात.

किंमत कमी लिहिली की काय होतं

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. आपल्या घरातल्या सामानाची आजची किंमत काढू: टीव्ही ४०,०००, फ्रिज २५,०००, वॉशिंग मशीन २०,०००, दोन एसी ५०,०००, पलंग-गाद्या ७०,०००, कपाटं ४५,०००, सोफा आणि डायनिंग ७५,०००, स्वयंपाकघर ६०,०००, कपडे ६०,००० आणि उरलेलं ५५,०००. एकूण पाच लाख.

३ टक्के दराने पाच लाखांवर १५,००० रुपये होतात. आकडा बघून माणूस म्हणतो, दोन लाख लिहा, सगळंच थोडी फुटणार आहे! मग ६,००० रुपये भरून नऊ हजार वाचल्याचा आनंद होतो. नागपुरात टीव्हीचा पॅनेल फुटलेला निघतो. माणसाची समजूत अशी, की दोन लाखांच्या विम्यात चाळीस हजार सहज बसतील. विमा कंपनी सर्वेक्षक पाठवते. तो घरातलं सगळं सामान पाहून एकूण किंमत पाच लाख ठरवतो. म्हणजे विमा दोन पंचमांशच घेतलेला, तर भरपाईही दोन पंचमांशच: ४०,००० × २ ÷ ५ = १६,०००. पॉलिसीत पहिलं ५,००० रुपयांचं नुकसान ग्राहकाने सोसायचं असं कलम असेल, तर हातात ११,०००. विम्याच्या प्रमाणातच भरपाई देण्याच्या या नियमाला सरासरीचं कलम म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे.

उलट बाजूने, किंमत फुगवूनही फायदा नाही. सहा वर्षं वापरलेल्या सोफ्याला नव्याचा भाव लिहिला, तरी घसारा वजा होतोच. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे आज ती त्याच अवस्थेत विकत घ्यायला किती पडेल तो आकडा लिहा आणि यादी मूव्हरला मेलने पाठवा. मूव्हर सांगतो तो टक्का म्हणजे विमा कंपनीचा हप्ता असतोच असं नाही, त्यात त्याचा वाटाही असू शकतो. थेट विमा कंपनीला किंवा एजंटला विचारलं तर अनेकदा कमी पडतं, पण त्याला चार-पाच दिवस लागतात. लवकर बुकिंग केलेलं इथे कामी येतं. पैसे खरंच मोजके असतील तर आमचं मत असं: पाच लाखांच्या सामानावर दोन लाखांचा ‘ए’ घेण्यापेक्षा पूर्ण पाच लाखांचा ‘बी’ घ्या. कपबशा फुटल्या तर आपण भरू शकतो. गाडी जळाली तर भरू शकत नाही.

पॅकिंगच्या दिवशी

पॅकिंगची माणसं येण्याआधी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन चालू करून प्रत्येकाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. त्यात मागचा सिरियल नंबर दिसला पाहिजे. कारण असं: बाहेरून काही लागल्याची खूण नाही आणि उपकरण सुरूच होत नाही, अशा आतल्या बिघाडाला पॉलिसी सहसा पैसे देत नाही. आधी चालत होतं याचा पुरावा आणि खोक्यावर आपटल्याची खूण, दोन्ही असेल तर बोलायला जागा राहते. टीव्हीला मूळ खोका नसेल तर लाकडी क्रेट मागा. नुसत्या बबल रॅपमधला मोठा टीव्ही उभा बांधला तरी पॅनेल दाबला जातो. आडवा तर ठेवूच नये.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिचा ड्रम आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो. कारखान्यातून येताना तो मागच्या बाजूने तीन-चार लांब बोल्टांनी आवळलेला असतो, आणि घरी बसवताना मेकॅनिक ते काढून पिशवीत देतो. घर हलवताना ते परत लावायचे असतात. न लावता सातशे किलोमीटर नेलं तर ड्रम आत आपटत राहतो, शॉक अॅब्सॉर्बर जातात आणि पहिल्याच स्पिनला मशीन न्हाणीघरभर चालायला लागतं. विमा सर्वेक्षक याला अपुरं पॅकिंग म्हणतो, आणि अपुरं पॅकिंग पॉलिसीतून वगळलेलं असतं. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरकडून मागवा. त्यालाही आठवडा लागू शकतो.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ आणि पाणी पूर्ण काढा आणि उभाच न्यायला सांगा. पॉलिशच्या फर्निचरवर आधी फोम शीट किंवा पुठ्ठा, मगच स्ट्रेच फिल्म. नागपूरच्या उन्हात बंद हौदा भट्टीसारखा तापतो, आणि थेट पॉलिशवर गुंडाळलेली फिल्म चिकटून डाग पाडते.

ताटल्या आडव्या थप्पीत न ठेवता कडेवर उभ्या, प्रत्येकीमध्ये कागद घालून भरायच्या. पुस्तकं छोट्या खोक्यात, कारण खोकं वीस किलोंच्या वर गेलं की हमाल ते ठेवत नाही, टाकतो.

पॅकिंग लिस्टमध्ये प्रत्येक खोक्याला नंबर आणि आत काय आहे ते लिहिलेलं हवं. तुम्ही आदल्या रात्री स्वतः भरलेल्या खोक्यांपुढे ते ‘पीबीओ’ लिहितात, म्हणजे मालकाने स्वतः भरलेलं. अशा खोक्याच्या आतलं फुटलं तर भरपाई बहुधा मिळत नाही. तेव्हा काचसामान त्यांनाच भरू द्या, कपडे तुम्ही भरा. अवस्थेच्या रकान्यात सगळ्याच फर्निचरपुढे सरसकट ‘ओरखडे’ लिहिलं जातंय का तेही बघा. तसं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, कारण नंतरचा प्रत्येक ओरखडा आधीचाच ठरतो. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रं विम्यात येत नाहीत, ती आपल्या बॅगेत. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत चढवू नका, कनेक्शन एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्या. बिलावर ‘वापरलेलं घरगुती सामान’ असं स्पष्ट लिहून घ्या. अशा सामानाला ई-वे बिल लागत नाही, आणि रस्त्यात गाडी अडवली तर ड्रायव्हरला दाखवायला ती ओळ पुरते.

नागपुरात गाडी उघडताना

खोकी मोजून घ्यायला दारात एक माणूस फक्त यादी घेऊन उभा राहू द्या. सामान उतरलं की ड्रायव्हर पावती पुढे करतो. त्यावर छापलेलं असतं, ‘माल सुस्थितीत मिळाला’. घाई त्याला असते, तुम्हाला असायचं कारण नाही. खोका ओला, चेपलेला किंवा पुन्हा टेप मारलेला दिसला तर सही करण्याआधी पावतीवरच हाताने लिहा: ‘खोका क्र. २३ चेपलेला, आतलं तपासायचं आहे’. नंतरच्या दहा फोनपेक्षा पावतीवरची ही एक ओळ जास्त वजनदार ठरते. तिचा फोटो काढून ठेवा.

फुटलेली वस्तू आणि तिचं पॅकिंग, दोन्ही जपून ठेवा. सर्वेक्षक येण्याआधी कचरा टाकून घर आवरलं, तर दाव्याचा पुरावाही त्याच कचऱ्यात जातो. शक्यतो त्याच दिवशी दोन मेल करायचे. पहिला विमा कंपनीला: पॉलिसी क्रमांक, बिल्टी क्रमांक, काय फुटलं, फोटो. दुसरा वाहतूकदाराला: नुकसानीची रक्कम लिहून लेखी मागणी. हा दुसरा बरेच जण टाळतात, कारण पैसे विमा कंपनीच देणार असं त्यांना वाटतं. पण तुम्हाला भरपाई दिल्यावर वाहतूकदाराकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही नोटीसच दिली नाही तर तिचा तो हक्क बुडतो, आणि मग दावा कापायला किंवा नाकारायला तिला कारण मिळतं. वाहतूकदारावर दावा लावायचा असेल तर २००७च्या कायद्याप्रमाणे लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. मेल करून झाला तरी तीच मागणी पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा.

विमा कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. एफओव्हीचे पैसे भरले असतील तर मात्र हा दरवाजा बंद असतो, कारण समोर विमा कंपनीच नाही. तिथे ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. सोबत कोटेशन, बिल, बिल्टी, पॅकिंग लिस्ट आणि ती शेरा मारलेली पावती न्यायची.